सोनं आपलं, चेहरा तिचा : तंजावरी शैलीतल्या एका व्यक्तिचित्राविषयी

आज आम्ही एकाच चित्राबद्दल बोलणार आहोत. चित्र कुठल्या संग्रहालयात नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या बैठकीच्या खोलीत ते लावलेलं आहे. अडीच फूट उंच, दोन फूट रुंद. मागे सपाट सोनेरी पृष्ठभाग, डोक्यामागे नक्षीदार प्रभावळ, अंगावर गडद लाल रेशमी लुगडं, गळ्यात उठावाची नाण्यांची माळ, खडे जडवलेले. मधोमध एका वृद्ध स्त्रीचा चेहरा. ही आमच्या स्नेह्यांची आजी. त्यांच्या बंगळूरच्या मुलाने एका जुन्या फोटोवरून हे चित्र तंजावर पद्धतीने करवून घेतलं आणि वडिलांच्या पंचाहत्तरीला भेट दिलं. मुलाचा हेतू प्रेमाचा, चित्रकाराचा हात तयार. तरीही चित्र भिंतीवर चढलं त्या संध्याकाळी आमचे स्नेही आम्हाला हळूच म्हणाले, "सगळं छान आहे हो, पण आजी कुठे आहे यात?"

हा प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतला. 'चेहरा जमला नाही' असं म्हणून तो मिटत नाही, कारण नाक, हनुवटी, ओठ, सगळं मोजून घेतलेलं होतं. मग काय हरवलं, आणि कुठे हरवलं?

आधी हे चित्र बनतं कसं ते पाहू, कारण चूक कुठे झाली हे त्या क्रमावरूनच कळतं. तंजावर चित्रात लाकडी फळीवर, हल्ली बहुधा प्लायवूडवर, कापड चिकटवतात. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे थर देऊन, घासून, गुळगुळीत पांढरी जमीन तयार करतात. मग रेखाटन. त्यानंतर जिथे दागिने, कमानी, खांब, प्रभावळ यायची तिथे तोच लगदा जाडसर भरून उठाव देतात आणि त्यात काचेचे किंवा जयपुरी खडे बसवतात. उठाव वाळला की त्यावर आणि सपाट भागावर सोन्याचा वर्ख चढवतात. चांगल्या कामात तो बावीस कॅरेटचा असतो. रंग भरायचे ते यानंतर. चेहरा शेवटी, आणि चेहऱ्यातही डोळे अगदी शेवटी.

हा क्रम लक्षात ठेवा. देवाच्या चित्रात तो अगदी बरोबर आहे. बाळकृष्णाला कोणते अलंकार हवेत हे परंपरेने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. चित्रकाराला ते शोधावे लागत नाहीत. पण फोटोवरून माणसाचं चित्र करताना या क्रमाचा अर्थ असा होतो, की त्या माणसाच्या अंगावर काय होतं आणि काय नव्हतं याचा निर्णय चेहऱ्याकडे नीट बघण्याच्या आधी होऊन जातो. आणि तो निर्णय लगद्यात घट्ट बसतो. रंग पुसून दुरुस्त करता येतो. उठाव काढायचा तर जमीनच फोडावी लागते.

आता फोटोकडे वळू. तो आम्ही हातात घेऊन पाहिला. पत्त्यापेक्षा थोडा मोठा, पिवळट पडलेला, १९४०च्या आसपासचा. बाई खुर्चीत बसल्या आहेत. उजेड डाव्या बाजूच्या खिडकीतून येतोय, त्यामुळे आपल्याला दिसणारा डावा गाल उजळ आणि उजवा अंधारात. पदर कपाळापर्यंत ओढलेला, केस मुळीच दिसत नाहीत. पदर खांद्यांभोवतीही घट्ट लपेटलेला. वस्त्र जवळजवळ काळं. कपाळ रिकामं. गळा रिकामा.

चित्रकाराने मुलाला फोनवर विचारलं, "साडीचा रंग कोणता?" मुलाने वडिलांना विचारलं. वडिलांनी पटकन सांगितलं, "लाल. आजी कायम लालच नेसायची." उत्तर शंभर टक्के खरं. आणि त्या खऱ्या उत्तरातूनच चित्र चुकलं.

आपल्यापैकी जे साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल. ते लाल म्हणजे आलवण. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेने नेसायचं तांबडं, काठ-पदराची शोभा नसलेलं वस्त्र. त्यावर चोळी नाही, म्हणून पदर असा लपेटलेला. केस नाहीत, म्हणून पदर कपाळापर्यंत. ही बाई विशीच्या आत विधवा झाली, एक मुलगा पदरात होता, आणि चार घरी स्वयंपाक करून तिने त्याला वकील केलं. हे सगळं आम्हाला स्नेह्यांच्या थोरल्या बहिणीने सांगितलं. त्यांनी आजीला नीट पाहिलं आहे. स्नेही स्वतः तेव्हा अगदी लहान. त्यांच्या आठवणीत फक्त एक लाल रंग उरला होता.

फोटोत ते लाल वस्त्र काळं का दिसतं? त्या काळी बऱ्याच स्टुडिओंत वापरली जाणारी काच किंवा फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी असे. निळं फिकट उमटे, तांबडं काळं. म्हणून आलवण काळं उमटलं. याच गोष्टीची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. अशा फोटोत कुंकू असतं तर तेही काळ्या ठिपक्यासारखं ठळक दिसलं असतं. म्हणजे कपाळावर काही दिसत नाही, तो प्रिंटचा दोष किंवा काळाने पुसलेला भाग नव्हे. ती साक्ष आहे. जुन्या फोटोवरून रंग ठरवणाऱ्याला हे माहीत असायला हवं, की त्यातला काळा हा नेहमीच काळा नसतो, पण रिकामं कपाळ मात्र बहुधा खरोखरच रिकामं असतं.

चित्रकाराने काय केलं? लाल म्हटल्यावर त्याच्या परंपरेत जो लाल आहे तो दिला. गडद, श्रीमंत, रेशमी, जरीच्या काठाचा. लपेटलेल्या पदराचा तो काळा गोळा त्याला उलगडला नाही, म्हणून त्यातून त्याने चोळीची बाही काढली. पदर चार बोटं मागे सरकवला आणि मधोमध भांग पाडलेले काळेभोर केस दाखवले. कपाळावर कुंकू लावलं. गळ्यात नाण्यांची माळ घातली. आणि मग या सगळ्याच्या मध्ये फोटोतला चेहरा, त्यातल्या सावलीसकट, अगदी इमानाने उतरवला. मुलाने नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, सोन्याच्या पाटात मोकळं कपाळ बरं दिसत नाही."

त्याला दोष देण्याची आमची इच्छा नाही. त्याच्या दृष्टीने तो मान देत होता. पण या वाक्यात सौंदर्यशास्त्राचा एक पूर्ण प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपण दोन भागांत सोडवू. पहिला भाग प्रकाशाचा, दुसरा भाग मानाचा.

प्रकाशाचा भाग असा. फोटोत प्रकाश एका बाजूने, एका क्षणी आलेला असतो. सावली म्हणजे त्या खिडकीची, त्या दुपारची खूण. सोन्याच्या पृष्ठभागाला असा स्वतःचा प्रसंग नसतो. त्याच्यावर चितारलेला प्रकाश नाही. तुमच्या खोलीतला प्रकाश तो परत फेकतो. समोर निरांजन हलवलं तर सोनं हलतं. बाजूला सरकून पाहिलं तर तेच सोनं काळपट दिसतं. म्हणून अशा चित्रात दोन प्रकाश एकत्र येतात, एक १९४०च्या दुपारचा आणि एक आत्ताच्या खोलीतला. ते एकमेकांना ओळखत नाहीत.

आमच्या समोरच्या चित्रात हे स्पष्ट दिसतं. उजव्या गालावरची सावली चित्रकाराने तपकिरी-काळ्या रंगात बरोबर उतरवली आहे. पण तिच्या अगदी शेजारी, त्याच बाजूला, प्रभावळीचं सोनं झगझगतंय. मग ती सावली कशाची? कारण नसलेली सावली डोळ्याला सावली वाटतच नाही. ती डाग वाटते, वांग वाटतो. स्नेह्यांच्या सूनबाई सहज म्हणाल्याही, "आजींच्या गालावर काही होतं का?" तुमच्या घरी असं चित्र असेल तर एक साधी परीक्षा करा. खोलीतले दिवे मालवा आणि एकच दिवा चित्रासमोर डावीकडून उजवीकडे न्या. सोनं उजळत जाईल. चेहरा त्याच्याबरोबर उजळतो की मागे अंधारात राहतो ते बघा. मागे राहत असेल तर समजा की तो चेहरा फोटोचाच राहिला, चित्राचा झाला नाही.

जुन्या तंजावर चित्रांतल्या चेहऱ्याला ही अडचण नव्हती. तिथे छटा असते, पण ती कडेकडेने, दोन्ही बाजूंनी सारखी फिरवलेली. त्यामुळे गोलाई येते आणि प्रकाश मात्र कुठल्याच खिडकीतून येत नाही. म्हणजे फोटोवरून काम करणाऱ्यापुढे खरा पर्याय असा, की एक तर सावली सोडायची किंवा सोनं सोडायचं. मग लोकांना भीती वाटते. सावली सोडली तर सारखेपणा जाईल का?

आपल्याकडे सारखेपणाचा विचार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त चित्रांचे प्रकार सांगितले आहेत. त्यात आरशातल्या प्रतिबिंबासारखं जे हुबेहूब, त्याला विद्ध चित्र म्हटलं आहे. आमचं म्हणणं असं, की हुबेहूबपणा म्हणजे प्रकाशाची नक्कल असं मानायचं कारण नाही. हे आम्ही स्नेह्यांच्या घरी करून पाहिलं. फोटो मोठा छापून घेतला, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पेन्सिलीने फक्त रेषा काढल्या. वरची पापणी, खालची पापणी, नाकपुडीचा बाक, दोन ओठांमधली रेघ, हनुवटी, पदराची कड. एकही छटा नाही. आठ-दहा रेघा. तो कागद थोरल्या बहिणीपुढे ठेवला. काही न सांगता त्या म्हणाल्या, "आजी! ओठ असेच मिटून घ्यायची." सारखेपणा त्या मिटलेल्या ओठांच्या रेघेत होता, गालावरच्या अंधारात नव्हता. म्हणजे सावली निर्धास्त सोडता आली असती. फोटोकडून चित्राने काय घ्यायचं, तर जे प्रकाश काढून घेतल्यावरही उरतं ते.

आता मानाचा भाग. तो अधिक अवघड आहे.

प्रभावळ म्हणजे विधान असतं. ती म्हणते, ही व्यक्ती पूज्य आहे. मग एका साध्या बाईच्या मागे प्रभावळ काढणं खोटं नाही का? आपल्या परंपरेतही याबद्दल संकोच आहे. शुक्रनीतीत असा विचार येतो, की देवाची प्रतिमा थोडी बेढब झाली तरी कल्याणकारक, आणि मर्त्य माणसाची कितीही सुंदर झाली तरी नाही. भासाच्या 'प्रतिमानाटका'त भरत आजोळहून परतताना वाटेत पूर्वजांच्या प्रतिमागृहात शिरतो. तिथे दशरथाची प्रतिमा दिसते, आणि त्या घरात फक्त मृतांच्याच प्रतिमा असतात हे कळल्यावर वडील गेल्याचं त्याला समजतं. म्हणजे माणसाची प्रतिमा ही आपल्याकडे सहजासहजी करायची गोष्ट नव्हती. पण दुसरी बाजूही आहे. जहांगीराच्या काळापासून मुघल चित्रकार बादशहाच्या डोक्यामागे तेजोवलय काढत. आणि ज्या तंजावरात ही शैली वाढली तिथे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या घराण्याचं राज्य होतं. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्या घराण्यातल्या राजांचीही चित्रं झाली. तेव्हा सोनं फक्त देवासाठी, माणसासाठी नाहीच, असा नियम काढता येत नाही.

आम्हाला यातून वाट सापडली ती नाथद्वाऱ्याच्या एका प्रकारात. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे 'मनोरथ' नावाची चित्रं होत. मध्ये श्रीनाथजी, पूर्णपणे परंपरेने रंगवलेले. दोन्ही बाजूंना सेवेत उभे असलेले यजमान आणि त्यांचं कुटुंब. यातल्या काही चित्रांत यजमानांची शरीरं आणि वस्त्रं रंगवलेली, पण चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. पहिल्यांदा पाहताना हसू येतं. पण त्या कारागिरांची समज पक्की होती. देवाला फोटो नको, कारण तो कुठल्या एका दुपारी बसला नव्हता. भक्ताला फोटो हवा, कारण हाच माणूस इथे उभा होता याची साक्ष हवी. एकाच कागदावर दोन भाषा, आणि त्यांच्यातली सीमा स्पष्ट.

आमच्या चित्रात नेमकी हीच सीमा पुसली गेली. तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. अशा चित्रात सोनं, कमान, प्रभावळ हे सगळं बोलतं ते चित्र करवून घेणाऱ्यांबद्दल. नातू आणि पणतू म्हणतात, आमच्या लेखी ती देवासारखी आहे. हे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि त्यात काही खोटं नाही, कारण ते स्वतःबद्दल बोलताहेत. चेहरा, कपाळ, केस, वस्त्र, गळा मात्र बोलतात तिच्याबद्दल. तिथे आपल्या प्रेमाला काही घालण्याचा अधिकार नाही. प्रभावळ काढली म्हणून कोणी असं समजत नाही, की बाईंच्या डोक्यामागे खरोखर तेज होतं. पण गळ्यात माळ काढली, कुंकू लावलं, भांग पाडला, तर तिसऱ्या पिढीतलं मूल असंच समजेल, की पणजी सधन, सवाष्ण, रेशीम नेसणारी होती. पहिलं विधान भक्तीचं, दुसरं चरित्राचं. चित्रकाराच्या हातात दोन्हीला एकच लगदा आणि एकच वर्ख, म्हणून गल्लत होते.

कोणी विचारेल, आणि त्या संध्याकाळी मुलाने विचारलंच, "काका, जन्मभर तिला जे मिळालं नाही ते चित्रात दिलं तर बिघडलं काय?" प्रश्नात माया आहे, म्हणून आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. पण विचार करा. ते कपाळ तिने स्वतः रिकामं केलं नव्हतं, समाजाने केलं होतं. ते केस समाजाने उतरवले होते. चित्रात केस परत आले की अन्याय भरून निघत नाही. अन्याय झाला होता हेच दिसेनासं होतं. आणि त्याबरोबर तिने जे केलं तेही दिसेनासं होतं. चार घरी स्वयंपाक करून मुलाला वकील करणारी बाई आणि नाण्यांची माळ घातलेली ही बाई, यांतली पूजेला योग्य कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग चित्र कसं करायला हवं होतं? आम्ही चित्रकार नाही, पण तपशील सांगतो. मागचं सोनं सपाट राहू द्यावं. प्रभावळ हवी तर असू द्यावी, पण तिचा उठाव कमी असावा, आणि ती पदराच्या कडेपासून बोटभर लांब सुरू व्हावी, म्हणजे ती मागची आहे, अंगावरची नाही, हे कळतं. वस्त्राला सोन्याचा एक ठिपकाही नको. रंग तांबडा, पण चमक नसलेला, विटकरीकडे झुकणारा, आणि घड्या फक्त गडद रेघेने दाखवलेल्या. झगझगत्या सोन्यासमोर असा कोरडा रंग किती बोलका होतो हे रंगवणाऱ्यालाच कळेल. तो सोन्याला उत्तर देत नाही, गप्प राहतो. पदर कपाळापर्यंत. चेहऱ्याला दोन्ही कडांनी सारखी, हलकी छटा. ओठांची ती मिटलेली रेघ नेमकी. आणि कपाळ रिकामं. सोन्याच्या पाटात मोकळं कपाळ बरं दिसत नाही असं तो चित्रकार म्हणाला होता. ते बरं दिसू नयेच. पाहणाऱ्याची नजर तिथे थांबायला हवी आणि त्याने कोणाला तरी विचारायला हवं.

पुढे काय झालं तेही सांगतो. चित्र परत बंगळूरला गेलं. चित्रकाराला थोरल्या बहिणीने फोनवर सगळं समजावून सांगितलं. आलवण हा शब्द त्याला माहीत नव्हता. पण तो म्हणाला, "आमच्या आजीचं पांढरं होतं." मग त्याने आणखी काही विचारलं नाही. कुंकू त्याने त्वचेच्या रंगाने झाकलं, केसांवर पदर ओढला, गालावरची सावली उतरवली, लुगड्याची झळाळी मारून टाकली. जरीच्या काठाचं सोनं रंगाखाली गेलं. माळ मात्र उठावाची. ती फोडली असती तर गळा आणि हनुवटीही गेली असती. त्याने तिच्यावरचे खडे काढले आणि तीही आलवणाच्या तांबड्याने रंगवून टाकली.

आता समोरून पाहिलं तर माळ दिसत नाही. बाजूने दिवा आला की पदराखाली नाण्यांचे उंचवटे उमटतात. स्नेही म्हणतात, राहू दे. कोणी विचारलं तर ते आधी आजीबद्दल सांगतात आणि मग त्या उंचवट्यांबद्दल. मूळ फोटो त्यांनी चौकट करून शेजारीच लावला आहे.